हायली ऑब्लाइज्ड

आमच्या घरात कॉलेजला आलेला मी पहिलाच. मी असं लिहावं का, ठाऊक नाही. आगाऊपणा वाटला तर माफ करा.

बाळंतपणाला माहेरी आलेली आक्का शुक्रवारी बाळाला घेऊन सासरी निघणार होती. त्याआधी करमाळ्याला घरी पोचायचं म्हणून मी सोमवारीच सोलापूरच्या वसतिगृहात रजेचा अर्ज दिला. शाळेत पाठ केलेलं 'काइंडली ग्रँट', 'हायली ऑब्लाइज्ड' सगळं त्यात घातलं. उत्तर येईना आणि विचारायचं धाडस होईना. रोज बाळाचा फोटो बघत बसायचो.

शुक्रवारी सकाळी रेक्टर सरांनी बोलावलं.

"दोनदा ऑब्लाइज्ड झालास, पण जायचंय कधी? तारीखच न्हाय की!"

त्यांनी अर्ज परत माझ्या हातात दिला.

"साधं लिही. 'प्लीज अलाऊ मी लीव्ह टुडे अँड टुमॉरो. आय वाँट टू सी माय सिस्टर. थँक यू.' बास."

मी तेवढंच तारखेसह लिहिलं. त्यांनी उभ्याउभ्याच सही केली.

एसटी स्टँडवर पोचलो, तेवढ्यात आईचा फोन आला.

"आक्का गेली रं. गाडीत बसूस्तोवर रस्त्याकडंच बघत हुती."