मीठ लावलेली काकडी

हायस्कूलसाठी मी तापीकाठचं आमचं गाव सोडून नंदुरबारला थोरल्या बहिणीकडे राहत होतो. आमचे शास्त्राचे मास्तर दर शनिवारी एका मुलाला फळ्यापाशी उभं करून एखाद्या विषयावर बोलायला लावत आणि बाकीच्यांनी त्याला प्रश्न विचारायचे. त्या आठवड्यात माझ्या बाकावरच्या मित्राची पाळी होती. विषय होता पेशी. त्याच्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं.

मी हौसेनं आठ प्रश्न काढले. पेशीचे भाग कोणते? केंद्रकाचं काम काय? मास्तरांनी ते वाचले आणि विचारलं, "यांची उत्तरं कुठं आहेत?"

"पुस्तकात."

"म्हणजे त्याला पाठ आहे का, एवढंच तुला कळणार. तेही कळावं, त्यासाठी एखादा ठेव. पण एक असा आण की नुसतं आठवून भागणार नाही. त्याला ठाऊक असलेलं त्याला जुळवून बघावं लागेल."

दोन दिवस काही सुचेना. शुक्रवारी बहीण कोशिंबिरीसाठी काकडी चिरत होती. मी मीठ टाकायला गेलो, तर ती म्हणाली, "आता नको, जेवायला बसताना टाकू. पाणी सुटून मऊ पडते." मी तिथंच थबकलो.

शनिवारी मित्र छान बोलला. मी उठून आधी सोपं विचारलं, "वनस्पतीच्या पेशीला भिंत कशासाठी?"

"आधारासाठी. तिच्यामुळे पेशीचा आकार टिकतो," तो धडाधड म्हणाला.

"मग मीठ लावल्यावर काकडी मऊ का पडते? भिंत तर जागेवरच असते."

मला वाटलं, उगाच अडचणीत आणलं बिचाऱ्याला. पण मास्तर मध्ये पडले नाहीत. मित्रानं फळ्यावरच्या आपल्याच आकृतीतल्या भिंतीवरून बोट फिरवलं. मग खडू घेऊन त्यानं भिंतीच्या आत एक आकसलेला पडदा काढला.

"बाहेर मीठ जास्त, म्हणून आतलं पाणी या पडद्यातून बाहेर जातं," तो हळूहळू म्हणाला. "भिंत तीच राहते, पण तिला आतून ताणून धरणारं पाणी गेलं." आणि एकदम त्याचा चेहरा उजळला. "सायकलसारखं! टायर तोच असतो, पण ट्यूबमधली हवा गेली की चाक बसतं."

मास्तर जोरात हसले. "हे पुस्तकात नाही बरं का," म्हणाले.

शाळा सुटल्यावर माझ्या पाठीवर थाप मारून तो आमच्या अहिराणीत म्हणाला, "तुन्हा प्रश्न भारी शे भो! हाई मन्हा डोकामा कधी उनंच नही." त्याच्या डोक्यात हे कधी आलंच नव्हतं म्हणे.

पुढच्या शनिवारी माझी पाळी होती, विषय रक्ताभिसरण. त्याच संध्याकाळी धडा दोनदा वाचून मी पुस्तक मिटलं आणि माझा मित्र आता मला काय विचारेल, याचाच विचार करत ओट्यावर बसलो. फार मजेत गेली ती संध्याकाळ.