दिवे लागल्यावर

अप्पा मुखेडला कचेरीत कारकून होते. पगाराच्या दिवशी ते एसटीनं नांदेडला जायचे, शेअरचा एखादा फॉर्म भरून यायचे, आणि आईला विचारलं तर सांगायचे, "भाजी आणायला गेलतो." पाच शेअर, दहा शेअर, असं करत तीस वर्षं. हॉटेलात चहा प्यायले न्हाईत, पायात एकच चप्पल. ते गेले तेव्हा त्या कागदांचे बारा लाख झालेले होते. वारस म्हणून माझं नाव लावलेलं होतं, म्हणून सगळं माझ्या डीमॅट खात्यावर आलं. पण आईसमोर, धाकट्या भावासमोर बोलणं झालंतं: अर्धं अक्काचं, अर्धं त्याचं. अक्का म्हणजे मी. कागद केला न्हाई. बहीणभावात कसला कागद?

मी लातूरला दिलेली. आमच्या ह्यांची मार्केट यार्डात आडत आहे, सोयाबीन आणि तूर. पंचवीस वर्षं मी एकच गोष्ट बघत आले. भाव पडला की हे गोदामाला कुलूप घालतात आणि निवांत झोपतात. दोन महिन्यांनी भाव वर येतो, मग कुलूप काढतात. माल आपला, गोदाम आपलं, घाई कुणाच्या बापाची? शेअरचंही असंच असतं असं मी धरून चालले. माझी चूक इथूनच सुरू झाली, आणि ती मी शहाणपणानं केली, हे जास्त टोचतं.

आमच्या गल्लीच्या तोंडाला, औषधाच्या दुकानावर, एका शेअर दलालाचं ऑफिस आहे. माणूस सज्जन, मला वहिनी म्हणतो. मोठी कंपनी मुंबईची, हा तिचा इथला माणूस. त्यानं एकदा समजावून सांगितलं, "वहिनी, तुमचे शेअर नुसते पडून आहेत. ते तारण ठेवले तर कंपनी तुम्हाला दुसरे शेअर घ्यायला पैसे देते. दिवसाला व्याज लागतं. तुमच्या बारा लाखांचे कपात करून नऊ धरतात. नऊच्या मार्जिनवर, म्हणजे अनामतीवर, अठरा लाखांचा माल घेता येतो."

"आणि पडला तर?"

"तर मार्जिन कमी पडतं. मग पैसे भरा म्हणून फोन येतो. न्हाई भरले तर कंपनी विकून टाकते."

हे त्यानं सांगितलंतं. खोटं कशाला बोलू? मी ऐकलं आणि मनात म्हणलं, विकायला काय ते त्यांचे आहेत? मोबाईलवर ओटीपी आला, मी तो टाकला, अप्पांची तीस वर्षं तारण पडली. अर्धी भावाची होती, त्याला विचारलं न्हाई. म्हणलं, फायदा झाल्यावर सांगू, चकित करू. शहाणी मेली!

गाडीचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीचे अठरा लाखांचे शेअर घेतले. तीन आठवडे ते वर चढत राहिले. मी सकाळी कणीक मळताना मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायची. हे म्हणायचे, "आडत्याची बायको शोभतीस." मी फुशारून जायची.

त्याच दिवसांत भावाचा नांदेडवरून फोन आला. त्याचं टायरचं दुकान भाड्याच्या गाळ्यात. मालक गाळा विकायला निघाला होता, आणि पहिला हक्क ह्याला देतो म्हणाला. "अक्का, माझा हिस्सा पुढल्या महिन्यात लागल. सहा लाख. बाकीचं मी जुळवलंय." मी म्हणलं, "हाव, घे की. तुझंच आहे." फोन ठेवला आणि भाव बघितला, फायदाच दिसत होता. तरी विकले न्हाईत. अजून थोडं वर जाऊ द्या म्हणलं.

मग त्या कंपनीचा तिमाहीचा हिशोब वाईट आला. दोन दिवसांत चढलेलं सगळं गेलं, आणि शेअर घेतल्या भावाच्याही पाचव्या हिश्श्यानं खाली. अठराचे साडेचौदासुद्धा उरले न्हाईत. सगळा बाजारच नरम होता, म्हणून अप्पांचे शेअरही थोडे उतरले. म्हणजे घेतलेला माल पडला आणि तारण ठेवलेलाही पडला, दोन्हीकडून मार. दुपारी बाजार बंद झाला, आणि साडेचारला दलालाचा फोन.

"वहिनी, सव्वादोन लाख कमी पडलेत. उद्या बाजार उघडायच्या आत भरा. आजच भरलं तर लई बरं. आणि तुमच्याच बँक खात्यातून आले पाहिजेत, दुसऱ्याच्या चालत न्हाईत."

"अरे, चार दिवस थांब की. आपण पळून चाललोय का?"

"माझ्या हातात काही न्हाई वहिनी. तिथं मशीन विकतं. मला ते विकल्यावरच कळतं."

मला राग आला. मशीन म्हणे! यार्डात शेतकरी उद्या देतो म्हणला की हे दहा दिवस थांबतात, आणि ह्याला एक रात्र थांबवत न्हाई?

हे दुकानातून आले तेव्हा सात वाजलेले. मी देवापुढं दिवा लावून नुकती उठले होते. सगळं सांगितलं. वाटलं होतं ओरडतील. ते ओरडले न्हाईत, खिशातून मोबाईल काढला. "आत्ता टाकतो तुझ्या खात्यात. तू तिकडं पाठव. दोन मिनिटांचं काम."

आणि मी त्यांचा हात धरला. "दिवा लागलाय. लक्ष्मी बाहेर काढू नका. सकाळी टाका."

आमच्या घरात हे मीच पाळायला लावलं. सासूबाईंनी सांगितलं, मी त्याच्यापेक्षा कडक केलं. दिवेलागणीला शेजारीण विरजण मागायला आली तरी मी सकाळी ये म्हणायची. यार्डात कुणाचं देणं असलं तरी सातनंतर गल्ला बंद. माझ्याच तोंडून वीस वर्षं निघालेलं वाक्य, ते त्या दिवशीही निघालं. शिवाय नशीब वाकडं चालू असताना पाळलेलं मोडायची भीती वाटली. वाटलं, आज मोडलं तर उरलंसुरलंही जाईल.

ते म्हणाले, "बघ बुवा." मोबाईल खिशात ठेवला.

सकाळी आठला मी अंघोळ करून तयार. म्हणलं, "टाका आता." हे गंध लावत होते. म्हणाले, "दुकानाच्या खात्यातून टाकायचेत ना? बोहनी होऊ दे, पहिला पैसा आत येऊ दे. बोहनीच्या आत पैसा बाहेर कधी काढला न्हाई."

"अहो, बाजार सव्वानऊला उघडतो!"

"काल दिव्याचं तूच सांगितलंस. मी ऐकलं का न्हाई? आता अर्ध्या तासाचं माझं तू ऐक."

मी किंचाळले, ताटली आपटली, तरी माझेच शब्द त्यांच्या बाजूनं होते. ते यार्डात गेले. मी मोबाईल हातात धरून ओट्यापाशी उभी.

सव्वानऊ. आमचा शेअर उघडला तोच दहा टक्के खाली, आणि तिथंच थिजला. पडझड बघून बाजारानं मर्यादा दहा टक्क्यांवर आणली होती, त्या दिवशी त्याच्या खाली भाव जाऊ शकत न्हाई, त्याला लोअर सर्किट म्हणतात. विकणाऱ्यांची ही रांग, घेणारा एक न्हाई. मी ह्यांना फोन लावला, उचलला न्हाई. परत लावला. "गिऱ्हाईक बसलंय, आलंच," म्हणाले. नऊ वाजून बावीस मिनिटांनी मोबाईल वाजला. मेसेज. मग दुसरा, तिसरा. विकले. विकले. विकले.

पडलेला शेअर न्हाई विकला मशीननं. त्याला गिऱ्हाईकच नव्हतं. विकले अप्पांचे. चांगल्या कंपन्यांचे, कधीही कुणीही घेईल असे, म्हणून तेच विकले, कमी पडलेलं भरून निघेस्तोवर एकूण एक. मी दलालाला फोन करून रडत ओरडले, "त्याला हात लावू नका, ते वडिलांचे आहेत! पाहिजे ते घ्या, ते सोडा!" तो म्हणाला, "वहिनी, मशीनला वडील न्हाईत हो." मी त्याला वाट्टेल ते बोलले. नंतर माफी मागितली.

नऊ चाळीसला ह्यांची बोहनी झाली. नऊ त्रेचाळीसला सव्वादोन लाख माझ्या खात्यात आले. मी त्या आकड्याकडं बघत बसले. दूध उतू जाऊन गॅस विझला तरी कळलं न्हाई.

नंतर दलालानं शांतपणे सांगितलं, की रात्री सव्वादोन भरलेले असते तर कालची बाकी मिटली असती. सकाळच्या पडझडीवर नवा फोन आला असता, नवी मुदत मिळाली असती. शेअर राहिले असते का, ते तो सांगू शकला न्हाई. मी मात्र रोज सांगते स्वतःला.

तिसऱ्या दिवशी तो मेला शेअर सर्किटमधून सुटला आणि तोही विकला गेला. दलालाच्या कंपनीनं दिलेले अठरा लाख आणि व्याज कापून माझ्याकडं साडेचार लाख उरले. भावाचा एकट्याचा हिस्सा सहाचा होता.

मी नांदेडची एसटी धरली. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं, मी खिडकीला डोकं टेकवून काय बोलायचं ते जुळवत होते, आणि दर गावाला सगळं विसरत होते. शेजारची बाई म्हणाली, "माहेरी चाललाव का? तोंड का उतरलंय?" मी म्हणलं, "गाडी लागती मला."

पोचले तेव्हा भावजयीनं दारात दिवा लावलेला. भाऊ दुकानातून आलेला, हात काळे, मला बघून हसला. "अक्का! फोन न्हाई, काही न्हाई?" मी चप्पल काढायच्या आधी पर्समधून साडेचार लाखांचा चेक काढला आणि त्याच्या काळ्या हातात दिला. दिवा समोरच जळत होता. मग सगळं सांगितलं, तारण, फोन, दिवा, बोहनी. काही झाकलं न्हाई.

त्यानं चेकवरचा आकडा वाचला. म्हणाला, "अप्पांचा एकपण राहिला न्हाई?"

"न्हाई रे."

भावजय पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. भावानं हात लुंगीला पुसले, आणि चेक काळा होईल म्हणून कोपऱ्याला धरला.

"तुला फोन साडेचारला आला, ना?" तो म्हणाला. "मला करायचा होतास. गाळ्याच्या बयाण्याला ठेवलेले तीन लाख माझ्या खात्यात पडून होते. तेव्हाच तुझ्या खात्यात टाकले असते. आमच्यात दिव्याचं काही पाळत न्हाईत, अक्का."

मी तिथं उंबऱ्यावर बसले. त्याला फोन करायची मला लाज वाटली होती, हे मी त्याला सांगितलं न्हाई. आज हे लिहितेय म्हणून सांगते.

गाळा दुसऱ्यानं घेतला.