गोटीरामने ठेव मोडली

मखमलाबादच्या रस्त्याला गोटीरामचा मळा होता. दीड एकर गुलाब आणि शेवंती, कडेला मेथी-कोथिंबीर. रोज पहाटे तो फुलांच्या पाट्या घेऊन नाशकात येई. आमच्या दारात घटकाभर टेकायचा. मी नुकताच बी. ए. झालो होतो आणि नोकरी नव्हती. मी त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवी, म्हणून तो मला मास्तर म्हणे, आणि जगाला शिव्या देई. अशी आमची मैत्री.

गोटीरामचा एकच अभिमान होता. त्याने जन्मात कोणाचे कर्ज घेतले नव्हते. हे तो न विचारता सांगे. वाण्याकडे उधारी नाही, सोनाराकडे गहाण नाही, सोसायटीत नाव नाही. कर्ज काढणारा माणूस त्याच्या लेखी माणूसच नव्हता. शेजारच्या मळ्यातला केरू माळी सोसायटीच्या आणि बँकेच्या कर्जावर शेती करी. त्याच्याबद्दल गोटीराम म्हणे, "त्याच्या बैलाच्या शेपटाचे केससुद्धा त्याचे नायत."

एकोणीसशे तीस साली एप्रिलमध्ये गोटीरामने जमीन विकून आलेले हजार रुपये इथल्या एका सहकारी बँकेत मुदतीने ठेवले. मुदत पाच वर्षे, व्याज सहा टक्के. दर सहा महिन्यांनी तीस रुपये हातात येत. ते घरात खर्च होत. लोकांच्या पैशावर जगणाऱ्यांना नावे ठेवणारा हा माणूस बँकेच्या कर्जदारांनी भरलेल्या व्याजावर साखर खात होता. हे मी एकदा त्याला सांगितले. तो म्हणाला, "मास्तर, तुम्ही लय शिकलात."

चौतीसच्या माघात त्याचा एक बैल मेला. उरलेला एकटा मोट ओढीना. नवा घ्यायला घरात रोख नव्हती, आणि उधारीने तो घेणार नव्हता. भाड्याचा बैल कधी मिळे, कधी नाही. चैत्रात गुलाबाची पाने खालून पिवळी पडू लागली. पाणी विहिरीत होते, वर येत नव्हते. एवढेच संकट होते, पण मळा जायची वेळ आली.

तेव्हा कादर मिस्त्री आला. कादर देवळालीच्या बंगल्यांतून इंजिने आणि पंप दुरुस्त करी. एक शेटजी बंगला विकून मुंबईला चालले होते. त्यांचे तेलाचे इंजिन पंपासकट नऊशेला मिळत होते.

"नवं पंधराशेच्या खाली नाही," कादर म्हणाला. "मी स्वतः खोललंय. पण शनिवारी दुपारपर्यंत रोख पाहिजे. दुसरं गिऱ्हाईक दारात उभंय."

"उद्या देतो," गोटीराम म्हणाला. "माझे हजार हायेत बँकेत."

त्याची बायको आक्काबाई फुले निवडत होती. तिने पहिल्यांदाच मान वर केली. "खरंच पाणी चढंल का हो, कादरभाई?"

"वहिनी, विहीर उपसून टाकील."

शनिवारी सकाळी मी गोटीरामबरोबर बँकेत गेलो. त्याला सही आणि मोठी अक्षरे येत, पण बारीक छापील कागद वाचून सांगायला शिकलेला माणूस हवा होता. बाकावर केरू बसला होता, हप्ता भरायला आलेला. गोटीरामने त्याच्याकडे पाहिले आणि पागोटे सारखे केले.

मॅनेजरने ठेवपावती उलटसुलट पाहिली. मग शांतपणे सगळे सांगितले.

"पाच वर्षांसाठी ठेवली म्हणून सहा टक्के होते. राहिली चार वर्षं. तेव्हा चार वर्षांच्या ठेवीला पाच टक्के होते. मुदतीआधी मोडली की त्यातून दोन कमी, असा नियम पावतीमागे छापलाय. म्हणजे तीन टक्के. हजाराला वर्षाचे तीस, चार वर्षांचे एकशेवीस. तुम्ही आजवर दोनशेचाळीस घेऊन गेलात. जास्त गेलेले एकशेवीस मुद्दलातून कापावे लागतील. हातात आठशेऐंशी येतील."

"माझ्या हजाराचे आठशेऐंशी?"

"मोडलीत तर. मोडू नका. पावती आमच्याकडे तारण ठेवा. नव्वद टक्क्यांपर्यंत, म्हणजे नऊशे, आत्ता देतो. त्यावर सात टक्के. वर्षाचे त्रेसष्ट होतील. ठेवीवर तुम्हाला साठ मिळतच राहतील. पदरचे तीन रुपये जातील. पुढच्या एप्रिलला मुदत भरली की हजारातून नऊशे वळते करू."

मला हायसे वाटले. मॅनेजरने छापील अर्जही पुढे सरकवला. नऊशेच हवे होते. नऊशेच मिळत होते. तीन रुपयांत मळा वाचत होता.

गोटीराम अर्जाकडे पाहत होता. वर मोठ्या अक्षरात लिहिले होते : कर्जासाठी अर्ज.

केरू बाकावरून म्हणाला, "घ्या की भाऊ. आमच्या पंगतीला बसा. पान वाढलंय."

दोघेचौघे हसले. केरूही हसला. त्यात विष नव्हते, मला तरी दिसले नाही.

"ठेव मोडा," गोटीराम म्हणाला.

मी त्याला बाजूला घेतले. "पैसे तुमचेच आहेत. हे कर्ज म्हणजे तुमचाच पैसा तुम्हाला."

"मग कर्ज कशाला म्हणतात?"

"नऊशे लागतात, गोटीरामभाऊ. आठशेऐंशीत इंजिन येत नाही."

"वीसचं मी बघतो."

त्याने सही केली. मोठ्या, ठसठशीत अक्षरांत. कारकुनाने आठशेऐंशी मोजून दिले. गोटीराम केरूसमोरून ताठ मानेने बाहेर पडला. एकशेवीस रुपये देऊन त्याने ती मान ताठ ठेवली होती. मी मागोमाग चाललो होतो.

वीसचे त्याने काय बघितले ते मळ्यात कळले. घरात चार रुपये होते. कादर टांगा घेऊन थांबला होता.

"मी शेटजींना बोलतो, वीस सोडतील," तो म्हणाला.

"नऊशे ठरले. भीक मागायची नाय."

"मग माझे घ्या. फुलं विकून द्या."

"उसनं? तुझं?"

कादर माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "मास्तर, याला काय झालंय?"

आक्काबाईने दंडातल्या चांदीच्या वाक्या काढून पायरीवर ठेवल्या. "ह्या विका. गहाण नका ठेवू. विका."

"बायकोच्या अंगावरचं विकून इंजिन आणलं म्हणतील," गोटीराम म्हणाला.

"लोकं फुलांना पाणी घालत्यात का?"

गोटीरामने विडी पेटवली. त्याच्या तोंडावर खंत नव्हती. लबाडांच्या बाजारात एकटाच सरळ उरल्याचे समाधान होते. ते पाहून मला त्याची किळस आली. दुपार टळली तसा कादर निघून गेला.

इंजिन केरूच्या विहिरीवर बसले. दुसरे गिऱ्हाईक तोच होता. हप्ता भरता भरता त्याने नव्या कर्जाचेही ठरवून टाकले होते.

सोमवारी गोटीराम पुन्हा मला घेऊन बँकेत गेला. यातून बैल घ्या, असे मी म्हटले तर म्हणाला, मोडलेली ठेव आधी उभी करायची, आणि आठशेऐंशी त्याने पुन्हा पाच वर्षांसाठी ठेवले. मॅनेजरने पैसे घेण्याआधी सांगितले की दर आता साडेतीन टक्क्यांवर आलेत. वर्षाला साठ येत होते, आता तीस रुपये बारा आणे आणि काही पै. गोटीरामने नवी पावती घडी करून बंडीच्या खिशात घातली.

वैशाखात केरूचा पोरगा विचारायला आला, पाणी सोडू का, पैसे हंगामावर द्या. गोटीरामने त्याला हाकलले. अर्धे गुलाब वाळल्यावर स्वतःच बांधावर गेला आणि पाण्याची पाळी आठ आण्यांना ठरवून आला. मात्र अट घातली, रोख. चार रुपये संपल्यावर त्याने उरलेला बैल विकला, आणि त्यातून दर पाळीला केरूच्या हातावर आठ आणे ठेवू लागला. केरू ते हप्त्याला लावी.

एका संध्याकाळी मी बांधावर होतो. आक्काबाई वाळलेली झाडे उपटत होती. पाटातून पाणी येत होते. गोटीरामने केरूला आठ आणे दिले.

"एक पैसा बाकी नाय," तो मला म्हणाला. "बघितलंत ना, मास्तर?"

मी बघितले होते. त्यानंतर मी त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवणे बंद केले.