दोन वावरांचा एकच सामू

वाटणी झाली तेव्हा मी गावात नव्हतो. निजामाबादच्या हळदीच्या बाजारात पोती वाहत होतो, पुढे वजनकाट्यावर बसलो, मग स्वतःची दलाली सुरू केली. तेलुगू तिथेच आली. बोलायला भांडता भांडता, लिहायला पोत्यांवरच्या चिठ्ठ्यांवरून. मोताळ्याजवळच्या आमच्या गावी परतलो तेव्हा विहिरीकडची पाच एकरं थोरल्या भावाकडे होती आणि नाल्याकडची पाच माझ्या नावावर.

पीक त्याचं नेहमी सरस. मी म्हणायचो, चांगली जमीन ठेवून घेतली आणि खारवट माझ्या गळ्यात मारली. चहाच्या टपरीवर म्हणायचो, लग्नाच्या पंगतीत म्हणायचो. भाऊ ऐकून घ्यायचा. तो उत्तर देत नाही म्हणजे चोर आहे, असा माझा हिशोब होता.

गेल्या उन्हाळ्यात तेलंगणातलं एक शेतकरी जोडपं मिरचीसाठी ठोक्याने, म्हणजे वर्षाच्या भाड्याने, जमीन शोधत आलं. आमची दहा एकरं लागून असल्याने त्यांना पसंत पडली. तेलुगू येणारा मी एकटा, म्हणून बोलणी माझ्याकडे. भाव मी ताणला आणि दोन्ही वावरांना एकच ठरवला. नवऱ्याने एक अट घातली: आधी माती तपासायची.

त्यांना दहा एकरांचा मिळून एकच नमुना चालला असता. माझ्यासारख्या व्यवहारी माणसाने तिथे तोंड बंद ठेवायला हवं होतं. पण मी म्हणालो, दोन वेगळे नमुने काढा. माझी जमीन खराब निघाली तर ठोका जाईल हे कळत होतं. तरी मला तो कागद हवा होता. भावाच्या तोंडावर फेकायला.

नमुने मीच काढले, कोणी बोट दाखवू नये म्हणून. बांधाच्या धुऱ्यापासून, झाडाखालून, उकिरड्याजवळून माती घेतली नाही. नागमोडी चालत जागोजागी वीतभर खोल खड्डा केला, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडली. सगळी एकत्र कालवून चार भाग केले, समोरासमोरचे दोन टाकले, उरलेले पुन्हा कालवले, असं करत अर्धा किलो ठेवली. भावाच्या वावरात तो माझ्या मागेमागे फिरत होता. "माह्या वावरातली माती चोरून नेतं का बे?" एवढंच तो बोलला आणि हसला. मला त्याचं हसणंही खोटं वाटलं.

अहवाल आले तेव्हा आम्ही भावाच्या गोठ्यापुढे बसलो. तो, मी आणि ते जोडपं. अहवाल मराठीत. मी वाचायचं, तेलुगूत सांगायचं आणि त्यांच्यासाठी तेलुगूत लिहूनही द्यायचं.

पहिली ओळ सामूची. मी त्यांना समजावलं, हाच तुमचा पीएच. सात म्हणजे मधोमध, खाली आंबट, वर खार. मग आकडे पाहिले. भावाची माती ८.१. माझी ८.२.

मी पुन्हा पाहिलं. कागदांची अदलाबदल झाली का म्हणून वरचे गट क्रमांक तपासले.

"चौडू आहे का अन्ना?" नवऱ्याने विचारलं. तेलुगूत खारवट पडीक जमिनीला चौडू म्हणतात. तो शब्द मी कित्येक वर्षं मनात आपल्या जमिनीला लावत होतो. पण त्याखालच्या ओळीत विद्युत वाहकता होती, म्हणजे मातीतल्या विरघळणाऱ्या क्षारांचं माप, आणि ती दोन्ही वावरांत अगदी कमी, सर्वसाधारण.

"नाही," मी म्हणालो. "चौडू नाही. काळ्या मातीचा सामू इकडे एवढा असतोच. दोन्ही सारख्याच."

'दोन्ही सारख्याच' हे शब्द माझ्याच तोंडून निघाले. भावाला तेलुगू येत नाही याचं मला तेव्हा फार बरं वाटलं.

पुढची ओळ सेंद्रिय कर्बाची, म्हणजे कुजून मातीत मिसळलेल्या काडीकचऱ्याची. त्याच्याकडे ०.६८, माझ्याकडे ०.३४. त्याचा नत्र मध्यम, माझा कमी. स्फुरद दोघांचं मध्यम, पालाश दोघांचं भरपूर. जस्त त्याच्याकडे पुरेसं, माझ्याकडे कमतरता. मी नत्रजनी, भास्वरम्, पोटॅश असं करत उतरवत गेलो. शिफारस हेक्टरी किलोत होती आणि त्यांना एकरी पोती हवी होती, म्हणून अडीचने भागलं. कागदावर लिहिलेला नत्र म्हणजे युरिया नव्हे, शंभर किलो युरियात नत्र शेहेचाळीसच, हेही सांगितलं. भावाच्या वावराला एकरी दोन पोती युरिया. माझ्या वावराला अडीच, शिवाय दहा किलो झिंक सल्फेट, तेही सुपर फॉस्फेटमध्ये न मिसळता वेगळं. युरिया एकदम न टाकता हप्त्यांनी. आणि माझ्या वावराला एकरी आठ टन शेणखत, पण ते मी नुसतं तोंडी सांगितलं, उतरवलं नाही.

आता त्या शेतकऱ्याच्या बायकोने विचारलं, "माती एक, बांध एक. मग कर्बनम् अर्धं कसं? तुम्ही शेतात काय घालता?"

बैल मी आल्या आल्या विकून टाकले होते. कापूस वेचून झाला की उरलेली पऱ्हाटी जाळायचो, वावर लवकर मोकळं होतं म्हणून. सोयाबीनचं मळणीनंतरचं कुटार तर भावालाच विकायचो, त्याच्या गुरांसाठी. भाव घासून घ्यायचो, एका वर्षी वाद घालून त्याची बैलगाडी दारातून रिकामी परत पाठवली होती. ते कुटार त्याच्या गोठ्यात जायचं, तिथून उकिरड्यावर आणि उकिरड्यावरून त्याच्या वावरात. माझ्या जमिनीचा कस मीच बांधापलीकडे धाडत होतो, आणि वर त्याला चोर म्हणत होतो.

"काही घातलं नाही," मी तिला म्हणालो.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. ते दोघं हलक्या आवाजात बोलले, पण मला सगळं कळत होतं. शेणखत पडलं तर नाल्याकडचं वावर घ्यायचं, नाहीतर विहिरीकडचंच.

"काय म्हणते थो कागद?" भावाने विचारलं. "मले बी सांग ना. माह्या वावराचं बी हाय त्याच्यात."

मला खोटं सांगता आलं असतं. तिथे मराठी आणि तेलुगू दोन्ही कळणारा मी एकटाच होतो. पण अहवाल मराठीत होता आणि भावाला वाचता येत होतं. चष्मा घरी राहिला म्हणून तो विचारत होता. मी सांगितलं. सामू सारखा, खार नाही, कर्ब तुझा दुप्पट, माझ्या वावरात शेणखत पाहिजे. सांगताना मी गुरांकडे बघत होतो.

त्याने उकिरड्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "मंग उकिरड्यातलं ने. मले पुरून उरते."

आणि माझ्या तोंडून, नेहमीच्या सवयीने, निघून गेलं: "ट्रॉलीले काय भाव लावशीन?"

"भाव तूच लाव," भाऊ म्हणाला. "तुले येते थे. मले नाई आलं कधी." तो रागावला नव्हता. उठून म्हशीपुढे वैरण टाकायला गेला.

एरवी अशा बोलण्यावर मी उसळलो असतो.

"तुमचे अन्ना काय म्हणाले?" बायकोने मला विचारलं.

"शेणखत देतो म्हणाले," मी सांगितलं, आणि बाकीचं तेलुगूत आणलं नाही. मग कागद पुढे ओढला आणि माझ्या वावराच्या रकान्यात, युरियाच्या वर, शेणखताचा आकडा लिहिला.