एकनाथरावांनी पुसलेले ठिपके

नाटक कंपन्या गावोगाव फिरत होत्या, त्या काळात एकनाथराव पडदे रंगवत. राजवाडा, अरण्य, रस्ता आणि नदीचा घाट एवढ्या चार पडद्यांवर सगळी दुनिया उभी राहायची. पुढं कंपनी हैदराबादेत येऊन बुडाली. मालकानं पडदे, पेट्या, दाढ्या-मिशा सगळं विकलं आणि तो गावी निघून गेला. एकनाथरावांना विकत घेणारं कुणी नव्हतं, म्हणून ते इथंच राहिले.

गौलीगुड्यातल्या एका फोटो स्टुडिओत त्यांना काम मिळालं, आणि बघता बघता तो स्टुडिओ त्यांच्याच गळ्यात पडला. फोटो काढणं हे त्यांच्या लेखी अर्धं काम. खरं काम त्यानंतर, खिडकीशी तिरका आरसा लावून, काचेची निगेटिव्ह त्यावर धरून. नवरीच्या गालावरचा तीळ, नवऱ्याच्या तोंडावरचे देवीचे व्रण, सासूच्या कपाळावरच्या आठ्या, सगळं त्यांच्या पेन्सिलीखाली विरघळून जायचं. निगेटिव्हवर टाचणीच्या टोकाएवढी उघडी जागा राहिली तर कागदावर तिथं काळा ठिपका उमटतो. तिथं ते बारीक कुंचल्यानं लाल रंगाचा थेंब टेकवत. थेंब नेहमी काचेच्या उघड्या बाजूनं, मसाल्याच्या, म्हणजे चित्र उमटलेल्या बाजूला हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम.

"देवानं घाईत केलेलं असतं," ते म्हणत. "आपण निवांत बसून दुरुस्त करायचं."

अशा माणसाकडं देवराव आला, तो त्याच्या आईला, कोंडाबाईला घेऊन. देवराव काचीगुड्याच्या मालधक्क्यावर कामाला होता. आदल्या वर्षी नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आला होता, तेव्हाचा फोटो एकनाथरावांकडूनच काढून घेतला होता, आणि त्यांच्या घरात पहिल्यांदाच कुणी भिंतीवर फोटो लावला होता. पण या खेपेला फोटो माणसाचा नव्हता, कागदाचा होता.

राज्याचे तीन तुकडे झाले होते. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आणि त्यामागोमाग इथल्या कचेऱ्यांतले दप्तराचे गठ्ठे ट्रकात भरून औरंगाबादेकडं निघाले होते. देवरावच्या आज्यानं आपल्या दोन पोरांत जमीन वाटली, त्याचं वाटणीपत्र एका गठ्ठ्यात होतं. गावाकडं शेजारच्या हिम्मतरावानं बांध सरकवून आज्यानं खणलेली विहीर आपल्याकडं घेतली होती. नव्या तालुक्याच्या कचेरीनं मंगळवारची तारीख दिली होती, आणि सांगितलं होतं, जुना कागद असेल तर त्याची मराठी नक्कल आणा. गठ्ठा बांधण्याआधी एका भल्या हेडक्लार्कनं व्हरांड्यात कागदाचा फोटो काढू दिला. एकनाथराव कॅमेरा, काळं कापड आणि तिवई घेऊन स्वतः गेले होते. संध्याकाळपर्यंत गठ्ठा ट्रकात चढला होता.

"लई जुनाट कागद हाय, एकनाथराव," कोंडाबाई म्हणाली होती. "नीट दिसंल असं करा."

"कोंडाबाई, असा करतो की कागदाला स्वतःची ओळख पटणार नाही."

आणि तसंच झालं.

दोन दिवसांनी कुसुमताई स्टुडिओत आल्या, मागं देवराव. कुसुमताई काचीगुड्याच्या मुलींच्या शाळेत शिकवायच्या. त्यांचं सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं, बोलणं मराठीतून, आणि गावाकडं परतणारी माणसं आपली उर्दू कागदपत्रं मराठी करून घ्यायला त्यांच्याकडं यायची. शेवटी त्या "मुळाप्रमाणे" असं लिहून सही करत, आणि ती सही कचेरीत चालत असे.

देवरावनं नकलेसाठी दिलेला फोटो त्यांनी टेबलावर ठेवला. कोरा करकरीत, पांढराशुभ्र कागद, त्यावर काळीभोर अक्षरं.

"सुरेख काढलाय," कुसुमताई म्हणाल्या.

एकनाथराव खुश होऊन खुर्ची पुसू लागले.

"म्हणूनच विचारायला आले. हा कागद तीन हातांचा आहे. हे जमिनीचे तीन सर्व्हे नंबर, 47, 52 आणि 60, मोजणीवाल्यांच्या शिक्क्याचे, इंग्रजी आकड्यांत. रकान्यातलं क्षेत्र मुन्शीनं लिहिलंय, उर्दू आकड्यांत. आणि समासात पटवाऱ्यानं बाळबोध आकड्यांत झाडं मांडली आहेत. मी आधी हात ओळखते, मग आकडा वाचते. नाहीतर घोटाळा होतो. हे बघा, 'आंब्याचे झाड' आणि पुढं हा आकडा."

"नऊ," एकनाथराव म्हणाले.

"इंग्रजीतला नऊ असता तर नऊच. पण ओळ पटवाऱ्याची आहे, म्हणजे आपला एक. झाडही एकच आहे, हो ना देवराव?"

"येकच हाय. नऊ असते तर मालधक्क्यावर कशाला आलो असतो?"

"आता हे मुन्शीचे. सत्तेचाळीस नंबरला चार एकर दोन गुंठे. बावन्नला पाच एकर एक गुंठा. साठला तीन एकर पंचवीस गुंठे."

"ताई, तिथं शून्य हाय की," देवराव वाकून म्हणाला. "गोल हाय. वीस गुंठे."

"तो गोल उर्दूतला पाच आहे, देवराव. मुन्शीनं घाईत काढलाय, म्हणून अगदी आपल्या शून्यासारखा दिसतो. उर्दूतलं शून्य गोल नसतं." त्यांनी बोट खालच्या ओळीवर नेलं. "आता बेरीज. चाळीस गुंठ्यांचा एकर. या तिन्हींची होते बारा एकर अठ्ठावीस गुंठे. आणि खाली मुन्शीनं लिहिलंय तेरा एकर पंधरा. सत्तावीस गुंठे कमी पडतात."

"मुन्शी चुकला असेल," एकनाथराव म्हणाले.

"चुकला असेल तर मी चूक तशीच उतरवीन. माझं काम आकडे बदलायचं नाही. पण मला वाटतं, मुन्शी चुकलेला नाही. एकनाथराव, उर्दूतलं शून्य म्हणजे नुसता ठिपका."

एकनाथरावांचा हात खुर्चीच्या पाठीवर तसाच राहिला. कंपनीत असताना त्यांनी रंगमंचाच्या विंगेत उभं राहून नटांना भाषणं विसरताना पाहिलं होतं. नट कसा थिजतो, ओठ कसे हलतात आणि आवाज येत नाही, ते त्यांना पाठ होतं. आता ते स्वतः तसे उभे होते.

"डाग होते," ते शेवटी म्हणाले. "सगळ्या कागदभर. मी काढले."

"कुठले कुठले, आठवतं?"

"नाही. मी मोजत नाही. रोज बाजारात मी हे उर्दू आकडे बघतो, ताई. दहाचा ठिपका मलाही कळतो. पण निगेटिव्ह हातात घेतली की मी वाचत नाही. मी फक्त डाग बघतो." मग हळू आवाजात, "चेहऱ्याचंसुद्धा तसंच करतो मी."

देवराव घाईला आला. "मंग काय झालं? ताई, तुम्ही घाला ना शून्य. दोनाच्या फुडं एक, एकाच्या फुडं एक. वीस आन् धा. हिशेब जुळतो का न्हाई?"

"जुळतो. अठरा आणि नऊ, सत्तावीस."

"मंग?"

"मी बेरजेवरून शून्य घातलं तर ते माझं शून्य होईल, मुन्शीचं नाही. समोर हिम्मतरावाचा वकील हाच फोटो हातात धरून विचारेल, दाखवा कुठं आहे ते. काय दाखवशील?"

देवराव फोटोवरच्या त्या दोनाकडं बघू लागला. सत्तेचाळीस नंबर त्याच्या बापाच्या वाट्याचा, आणि विहीर त्या नंबराच्या अगदी कडेला. अठरा गुंठे गेले की विहीर गेली. ती खणताना आज्यानं तीन उन्हाळे घालवले होते. गावच्या पाणवठ्यावर त्यांना पाणी मिळत नव्हतं, म्हणून खणली होती. हे त्यानं सांगितलं नाही. कुसुमताईंना सांगायची गरजही नव्हती.

एकनाथराव आत गेले आणि खोक्यातून निगेटिव्ह घेऊन आले. कापसाचा बोळा पाण्यात बुडवून त्यांनी तो हातात धरला, पण काचेला लावेनात.

"खराब होईल का?" कुसुमताईंनी विचारलं.

"रंग उघड्या काचेवर आहे. पाण्यानं उतरतो. मसाल्याला धक्का नाही." ते थोडे हसले. "आजवर लावलेला रंग मी कधी उतरवला नाही, एवढंच."

त्यांनी बोळा फिरवला. लाल रंग कापसावर आला. काच पुन्हा अस्वच्छ झाली, टाचण्यांनी टोचल्यासारखी. तिचा ओला, नवा ठसा कागदावर निघाला तेव्हा तिघं खिडकीत उभे राहिले. ठिपकेच ठिपके. चार एकरांपुढच्या दोनाजवळ तर दोन ठिपके होते.

"आता हे दोनशे झालं का?" देवरावनं धास्तीनं विचारलं.

"गुंठे एकोणचाळीसच्या पुढं कुणी लिहीत नाही. चाळीस झाले की एकर," कुसुमताई म्हणाल्या. "पण तेवढ्यावर मी ठरवणार नाही. एकनाथराव, तुमचं भिंग द्या. नको, तुम्हीच बघा. डाग तुमच्याइतके कुणाला कळत नाहीत."

एकनाथरावांनी भिंग लावलं. पडदे रंगवताना ते नदीचा घाट असाच जवळून बघायचे, आणि मग मागं सरून पुन्हा बघायचे.

"हा खालचा काचेवरचा आहे," ते म्हणाले. "रेखीव कडेचा, अगदी काळा. फोटो काढताना धुळीचा कण पडलाय तिथं. हा वरचा ओळीत बसलाय, दोनाच्या पुढं, त्याच्या मध्याच्या उंचीला. कडा मऊ आहे, शाई कागदात जराशी पसरलीये. बोरूचा आहे. मुन्शीनं बोरू टेकवून उचललाय." मग त्यांनी भिंग बावन्न नंबरावर नेलं. "इथंही तसाच. एकाच्या पुढं, त्याच जाडीचा."

"पंचवीसच्या पुढं?"

"काही नाही. कोरं आहे."

कुसुमताईंनी तिथंच बसून नक्कल लिहिली. इंग्रजी शिक्क्याचा 47 तिथं ४७ झाला, उर्दूतले ۴ आणि ۲۰ तिथं ४ एकर २० गुंठे झाले, आणि पटवाऱ्याचा एक आंबा एकच राहिला. बेरीज तेरा एकर पंधरा गुंठे, मुन्शीनं लिहिली तशी. कुठला आकडा मुळात कुठल्या लिपीत होता, ते समोर टिपलं. खाली एक ओळ जास्त लिहिली, की छायाचित्रावरचे डाग काढलेले नाहीत.

"इथं माझी पण सही घ्या," एकनाथराव म्हणाले. "पहिल्या ठशाआधी काचेवरचे डाग मी बुजवले होते, आणि काच धुऊन हा काढला, असं लिहा."

"तुमचं नाव खराब होईल हो," देवराव म्हणाला.

"होऊ दे. ते साफ करायला मी आहेच."

मंगळवारी वकिलानं खरंच बोट ठेवून विचारलं. देवरावनं ठिपक्यांनी भरलेला ठसा पुढं केला आणि एकनाथरावांचं लिहिणं दाखवलं. अधिकाऱ्यानं भिंग मागवलं. बांध मागं गेला.

कोंडाबाईनं तो ठसा घरी फ्रेम करून लावला, देवरावच्या दीक्षेच्या फोटोशेजारी. एकनाथराव एकदा त्यांच्याकडं चहाला गेले तेव्हा तिनं काचेवर बोट टेकवलं.

"ही आमची हीर," ती म्हणाली. बोट ठिपक्यावर होतं.

एकनाथराव मान हलवून बघत राहिले. बोट खालच्या ठिपक्यावर होतं, धुळीच्या. त्यांनी तिचं बोट हलक्या हातानं थोडं वर सरकवलं.

नवरीचे फोटो ते पुढंही साफ करत राहिले. लोक त्यासाठीच येत. फक्त एक सवय जडली. पेन्सिल उचलण्याआधी ते ठसा तिच्या हातात देत आणि विचारत, "हा तीळ तुझा आहे का? ठेवायचा?" काही जणी नको म्हणायच्या. काही थोडा वेळ विचार करायच्या.