लवंगेपुढचं शून्य

कनेरगाव नाक्यावर, ढाब्यांच्या रांगेच्या टोकाला, माझं झेरॉक्स आणि ऑनलाइनचं दुकान आहे. कॉम्प्युटर असलेल्या बाईला जगातलं सगळं येतं असा आमच्या भागातल्या लोकांचा समज आहे. कुणी पत्रिका जुळवायला येतं, कुणी म्हैस हरवली म्हणून येतं. मी चिडते, बडबडते आणि शेवटी करून देते. माझ्या नवऱ्याचं म्हणणं, तू आधी करून दे आणि मग चीड, वेळ वाचेल.

लग्नसराई होती. दोघं भाऊ दुकानात आले. पुसेगावाकडचं धनगराचं घर, मेंढरं-शेळ्यांचं. धाकट्याच्या दुसऱ्या लेकीचं लग्न आठवड्यावर आलं होतं. थोरला पुढे, धाकटा मागे, आणि धाकट्याच्या दोन्ही हातांत मोबाईल, दिवा धरावा तसा.

"ताई, ही याद टाइप करून द्या," थोरला म्हणाला. "किराणावाला म्हंतो, आकडे कळंना, एका भाषेत आणा."

मोबाईलवर सामानाच्या यादीचा फोटो होता. मी म्हटलं, मूळ कागदच आणा ना, फोटोत अर्धं दिसत नाही. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"कागद शेळीनं खाल्ला," धाकटा म्हणाला.

"पोरीनं आधीच फोटू काढला म्हून वाचलो," थोरल्यानं भर घातली.

मग कळलं ते असं. हिंगोलीचा एक वस्ताद आहे, लग्नाचा स्वयंपाक त्याचा. तो घरी येऊन बसला आणि सामान सांगू लागला. थोरल्यानं कागद घेतला आणि मराठी आकड्यांत लिहायला सुरुवात केली. मध्येच तंबाखू मळायला उठला, तेव्हा नवरीनं पेन घेतलं. ती कॉलेजात शिकलेली, तिचे आकडे इंग्रजी. मसाल्यापाशी आल्यावर वस्तादानं तिच्या हातातलं पेन काढून घेतलं. मसाल्याचं माप तो तोंडानं सांगत नाही म्हणे, चार घरच्या बायका ऐकतात. मसाल्यांची नावं आणि पुढे किलो की ग्रॅम हे पोरीनं लिहिलेलं होतंच. मधल्या जागेत त्यानं स्वतःच्या हातानं उर्दू आकडे भरले आणि जाताना बजावून गेला, "जो लिखा वही लाना. एक दाना इधर का उधर हुआ तो मैं चूल्हा नहीं जलाऊँगा." दुसऱ्या दिवशी तो मक्केला, उमऱ्याच्या यात्रेला गेला. फोन बंद. परत येणार लग्नाच्या आदल्या दिवशी, थेट कढईपाशी.

"वस्तादाला राग लई हाय," धाकटा म्हणाला.

"मलाही आहे," मी म्हटलं.

थोरल्याच्या मुलानं मोबाईलमधल्या कसल्याशा ॲपवर तो फोटो आधीच टाकून पाहिला होता. त्यातून निघालेली यादी थोरल्यानं मला अभिमानानं दाखवली. पहिली ओळ होती हळद, 91 किलो.

"एक्याण्णव?" मी विचारलं. "लग्न आहे की रंगपंचमी?"

"आमची घरचीच हाय," थोरला म्हणाला. "दोन पोती काढून ठेवली."

आमच्या जिल्ह्यात हळदीला तोटा नाही, त्यामुळे त्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मी फोटो मोठा करून पाहिला. त्याच्याच हातानं लिहिलेलं होतं, १। किलो. म्हणजे सव्वा. पहिली वस्तू सव्वानंच लिहायची, शुभ असतं, आमच्याकडे सगळेच लिहितात. ॲपनं मराठी एकाला इंग्रजी नऊ केलं आणि पावाच्या उभ्या रेघेला एक. तुमचंच अक्षर, तुम्हाला कळलं नाही का, असं विचारलं तर म्हणाला, "मशीनवर इस्वास ठेवला."

लाईट गेलेली होती. म्हणून मी कोरा कागद घेतला आणि मोबाईलवरूनच उतरवायला बसले. माझी एक रीत आहे. आधी जसं दिसतं तसं लिहायचं, ज्याचा आकडा त्याच्याच लिपीत. मग शेजारी इंग्रजीत. हात कुणाचा हे ओळखल्याशिवाय आकडा वाचायचा नाही, कारण हातागणिक आकडा बदलतो. मराठी शून्य गोल, आणि उर्दूतला पाचही जवळजवळ गोल. उर्दूतलं शून्य म्हणजे नुसता ठिपका. उर्दूतला एक म्हणजे उभी रेघ, आणि थोरल्याची उभी रेघ म्हणजे पाव. हे मला कसं ठाऊक? माझं माहेर शिरड शहापूरचं. शेजारच्या चाचींकडे पोरांचं उर्दू पहिलीचं पुस्तक होतं, त्यातले आकडे मी खेळता खेळता शिकले. अक्षर एकही येत नाही. आकडे तेवढे येतात.

तेलाच्या ओळीवर अडले. तिथे होतं १5 किलोचे 3 डबे. एकाच आकड्यात दोन लिप्या. थोरला एक लिहून तंबाखूला उठला होता आणि पाच पोरीनं लिहिला होता. ॲपनं पंचाण्णव केले होते. किराण्यात तेलाचा डबा पंधराचाच मिळतो, तेव्हा शंका उरली नाही. तीन डब्यांचा तीन मात्र मराठीतही तीनासारखा आणि इंग्रजीतही. त्या सगळ्या यादीत तो एकच गुणी आकडा.

मसाल्यापाशी आल्यावर थोरला म्हणाला, "ताई, हे उलटं वाचा. उर्दू उजवीकडून असती."

धने होते ۱۲ किलो, म्हणजे बारा. त्याच्या हिशेबानं एकवीस. मी सांगितलं, अक्षरं उजवीकडून, आकडे आपल्यासारखेच डावीकडून. त्याला पटेना. मग मी त्याला लवंग दाखवली. पाच, आणि त्यापुढे दोन ठिपके.

"उलटं वाचलं तर शून्य शून्य पाच होतं," मी म्हटलं. "वस्ताद काय टेलिफोनचा नंबर लिहून गेला का?"

ते त्याला पटलं. पण माझं मलाच पटेना. लवंग पाचशे ग्रॅम? सहाशे माणसांच्या डाळीला अर्धा किलो लवंग? दातदुखीला एक लवंग धरली तर गाल बधिर होतो. मी दोघांना तसं सांगितलं, हे खाऊन आख्ख्या वऱ्हाडाची जीभ बधिर होईल.

"व्हऊ द्या," थोरला म्हणाला. "पाव्हणे बोलनार न्हाईत."

मी हसले. धाकटा हसला नाही. तो पहिल्यांदाच पुढे सरकला आणि बाकावर बसला.

"ताई, थोरल्या पोरीच्या लग्नात डाळ-भात सरला," तो म्हणाला. "शेवटची पंगत पोरीच्या सासरची व्हती. इहीन रिकाम्या पत्रावळीम्होरं बसून राहिली, मंग उठली. पोरगी आजून ऐकून राहिली, तुझ्या बापानं उपाशी धाडलं म्हून. सण असू द्या, बारसं असू द्या. ह्या बारीला तेच पाव्हणे येनार हायत. तुमी एक करा, तांदूळ साठ किलो हायत, त्याचे शंभर करा."

माझा राग कुठल्या कुठे गेला. खरं सांगते, शंभर लिहायला हात गेला होता. पण शंभराचा भात शिजला तर डाळही वाढणार, मग मीठ, मग मसाला, आणि वस्ताद चूल पेटवायच्या आधी सामान मोजून घेणारा माणूस. तो उठून गेला असता तर सहाशे माणूस उपाशी राहिलं असतं.

"तुम्हाला जास्तीचे चाळीस आणायचे तर घरात आणून ठेवा," मी म्हटलं. "वस्तादाच्या यादीत मी साठचे साठच लिहिणार. त्याचा एकही आकडा मी कमी-जास्त करणार नाही."

"यादीतलं किराणावाला उधारीवर देतो, वरच्या चाळीसला आता पैसा न्हाई," तो हळूच म्हणाला. "म्हून इचारत व्हतो, हे आकडे बराबर असले तर पुरंल का?"

मी म्हटलं, आकडे बरोबर आहेत एवढंच मी सांगू शकते. पुरण्याचं वस्तादाला ठाऊक. असं बोलले आणि स्वतःचाच राग आला.

पण मग आकडे तरी बरोबर हवेतच. मी परत लवंगेवर गेले. तो दुसरा ठिपका वस्तादाचा की आणखी कशाचा, हे बघायला फोटो थोडा वर सरकवला. लवंग वर गेली. पाच गेला, पहिला ठिपका गेला. दुसरा ठिपका जागेवरच राहिला. आता तो वेलदोड्याच्या पंचवीसपुढे बसला होता आणि वेलदोडे अडीचशे ग्रॅम झाले होते. आणखी सरकवलं तर तो शहाजिऱ्यापुढे. मी फोटो वरखाली करत होते आणि ते शून्य ज्याच्यापुढे जाईल त्याला दसपट करत होतं.

मी नखानं काचेवर खरवडलं. तंबाखूचा कण निघाला.

थोरल्यानं तो कण माझ्या नखावरून निरखून पाहिला. "आमचाच हाय," म्हणाला.

लवंग पन्नास ग्रॅम. तेवढ्यासाठी मी काच पुसून सगळी यादी पुन्हा पहिल्यापासून वाचली. लाईट आल्यावर फोटो कॉम्प्युटरवर घेतला आणि तिसऱ्यांदा ताडून पाहिली. हळद 1 किलो 250 ग्रॅम लिहिली तेव्हा थोरला कुरकुरला, सव्वा गेला म्हणून. मग कंसात सव्वा असंही लिहून दिलं. मापाला त्यानं काही होत नाही.

लग्नाला मला मुद्दाम बोलावणं आलं आणि मीही मुद्दाम आदल्या दिवशीच गेले. वस्तादानं किराणा उतरवून घेतला, माझी छापील यादी उर्दूत काहीतरी पुटपुटत वाचली, लवंगेची पुडी हातावर तोलली आणि चूल पेटवली. लग्नाच्या दिवशी मी दुपारभर मांडवात बसून पंगती बघत होते. नवरदेवाकडे माझं लक्षच नव्हतं, भाताच्या घमेल्याकडे होतं. दर पंगतीला किती भात उरला हे मी मान उंचावून बघत होते, जसं काही तांदूळ मीच पिकवले होते.

शेवटच्या पंगतीला थोरली लेक बसली, शेजारी तिची सासू. धाकटा स्वतः डाळीची बादली घेऊन वाढायला आला. विहिणीनं भातात आळं केलं, डाळ घेतली, जेवली. मग पुन्हा भात मागितला. पुन्हा डाळ. लेक मान खाली घालून जेवत होती आणि मध्येच तिनंही पत्रावळ पुढे सरकवली. बापानं वाढलं. बादलीत अजून डाळ होती. विहीण एक अक्षर बोलली नाही.

थोरला माझ्या कानाशी आला. त्याच्या हातात हळदीच्या पुड्यांनी भरलेली टोपली होती, परतीच्या पाहुण्यांना वाटायला. काढून ठेवलेली दोन पोती काही त्यानं परत नेली नव्हती.

"ताई, ती बोलून न्हाई राहिली," तो काळजीनं म्हणाला. "लवंग नक्की पन्नासच लिवली व्हती ना?"

मी म्हटलं, पन्नासच. ती जेवतेय. धाकटा तेव्हा रिकाम्या जागी, लेकीच्या समोर, दिवसभरात पहिल्यांदा जेवायला बसला.