माझ्या एकटीचं लॉगिन

मी तो ईमेल लिहिला तेव्हा ज्यांना तो पाठवत होते ते माझ्यापासून दहा पावलांवर बसून केळी खात होते. पाठवा हे बटण दाबलं आणि मान खाली घातली. त्यांच्या संगणकावर टिंग वाजलं, आणि मग सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा त्यांचा आवाज आला.

"अवो ताई, इथूनच हाक मारायची ना! मेल काऊन केला?"

ते आमच्या जागेचे मालक. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. वर्ध्यात कापूस बाजाराच्या रस्त्यावर त्यांच्या वडिलांची आडत, म्हणजे कापसाच्या दलालीची पेढी होती. वडील गेल्यावर आडत बंद पडली, आणि वरच्या मजल्यावरची गादी, तक्के नि लोड काढून भाऊंनी तिथे टेबलं मांडली. को-वर्किंग हा शब्द ते पुण्याहून घेऊन आले होते. दोन हजारचं दशक तेव्हा संपत आलं होतं. गावाला तो शब्द कळायचा नाही, म्हणून लोक अजून "गादीवर जातो" असंच म्हणायचे. मी सेलूहून एसटीनं यायची आणि कानाला हेडफोन लावून परदेशातल्या डॉक्टरांच्या टेप टाइप करायची. कुणाच्या गुडघ्याची, कुणाच्या मूळव्याधीची सगळी हकिगत माझ्या कानात असायची.

भाऊंनी हाक मारायला सांगितली, पण मला उत्तर लेखी हवं होतं. काम देणाऱ्या कंपनीनं विचारलं होतं की तुम्ही बसता तिथलं वायफाय सगळ्यांचं मिळून एकाच किल्लीवर, म्हणजे एकाच पासवर्डवर आहे का? असेल तर स्वतःच्या नावाचं वेगळं लॉगिन घ्या आणि जागेच्या मालकाकडून तसं लिहून आणा, नाहीतर महिनाअखेर काम बंद. घरात पगार म्हणावा असा माझाच होता. म्हणून मी ईमेलमध्ये पाल्हाळ न लावता लिहिलं की आपली किल्ली एकच आहे, ती पाण्याच्या फिल्टरवर चिकटवलेली आहे, जागा सोडून गेलेल्यांनाही ती ठाऊक आहे, आणि ज्याच्याकडे किल्ली आहे अशा जाणकाराला इतरांची इंटरनेटवरची ये-जा उघडून वाचता येऊ शकते. तरी मला वैयक्तिक लॉगिन द्यावं, ही विनंती.

लिहिताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं, हे सांगायला हवं.

"म्हणजे इथं कोणी चोर हाय का?" भाऊंनी विचारलं. ते हसत होते, पण केळ्याचं साल तसंच हातात धरून.

"तसं नाही भाऊ, नियम आहे त्यांचा."

"ताई वेगळी चूल मांडून राह्यल्या," माझ्या शेजारून मुनीमजी म्हणाले, आणि सगळे हसले. मीही हसले.

मुनीमजी म्हणजे भाऊंच्या वडिलांचे मुनीम. आडत बंद झाली तरी ते रोज सकाळी धोतर-टोपी घालून यायचेच. पूर्वी त्यांची गादी जिथे होती त्याच खिडकीपाशी आता त्यांची खुर्ची होती. मुलीनं धाडलेला लॅपटॉप उघडून ते पेपर वाचायचे, आणि दुपारी परदेशातल्या त्या मुलीशी व्हिडिओवर बोलायचे. ते बोलणं मीच त्यांना शिकवलं होतं. नातू पडद्यावर आला की मुनीमजी टोपी काढून त्याला टक्कल दाखवायचे. तो खदखदून हसायचा आणि माझ्या टेपमधल्या डॉक्टरचं एक वाक्य मला पुन्हा ऐकावं लागायचं.

भाऊंना माझा ईमेल लागला होता. पुण्याहून शिकून आलेल्या माणसाला सुरक्षा शिकवायची म्हणजे काय! त्यांनी नागपूरहून माणूस बोलावला. एकटीसाठी नाही, करायचं तर सगळ्यांचंच. त्या माणसानं कोपऱ्यात एक जुना संगणक बसवला. आता राउटर एक किल्ली मागणार नव्हता. प्रत्येकाचं नाव आणि पासवर्ड मागणार होता, आणि तो खरा का खोटा हे कोपऱ्यातला संगणक ठरवणार होता. फिल्टरवरचा कागद त्यानं नखानं खरवडून काढला.

मग तो एकेका टेबलापाशी जाऊन लॉगिन करून देऊ लागला. "लॉगिनचं नाव म्हणजे तुमचा मेंबर नंबर. पावतीवर असते तो."

माझं झालं. चाललं. कुणाला दिसू नये इतपत मी खूश झाले.

तो खिडकीपाशी गेला. "बाबूजी, तुमचा मेंबर नंबर?"

मुनीमजींनी भाऊंकडे पाहिलं. भाऊंनी माझ्याकडे. तेवढ्या क्षणात खोलीतल्या सगळ्यांना कळलं की मुनीमजींची पावती कधी फाडलेलीच नाही. एवढे दिवस एका कागदावर एकच किल्ली होती. ती वाचणाऱ्यांत कोण पैसे भरतो नि कोण नाही, हे विचारायचं कुणाला कारणच पडलं नव्हतं. ते कारण मी पुरवलं होतं, रीतसर, लेखी.

"मुनीमजीचं करा हो," भाऊ घाईनं म्हणाले. "कोणताबी नंबर टाका. माह्या टाका."

"नाई नाई," मुनीमजी म्हणाले. "मी काय मेंबर थोडाच हाओ? मी तं असाच बसतो." आवाज नेहमीचाच होता. त्यांनी लॅपटॉप मिटला, त्याची वायर नीट गुंडाळली, टोपी सारखी केली.

"मुनीमजी, बसा ना," भाऊ म्हणाले.

"बसतो ना. येतो उद्या."

माझं लॉगिन माझ्यासमोर चालू होतं. घ्या मुनीमजी, माझ्या लॉगिनवर बसा, एवढंच म्हणायचं होतं. पण कंपनीच्या कागदावर मी सकाळीच सही केली होती की हे लॉगिन माझ्याशिवाय कुणालाही वापरू देणार नाही. मी हेडफोन कानाला लावले. टेप चालूच केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. भाऊ त्यांच्या घरी दोनदा जाऊन आले आणि दोन्ही वेळा चहा पिऊन परतले. मला कोणी काही बोललं नाही. बोललं असतं तर मी भांडले असते. नियम माझ्या बाजूनं होता. खिडकीपाशी नवा मेंबर बसू लागला, त्याला लगेच नंबर मिळाला.

पुढे एका दुपारी मला प्रिंट काढायची होती म्हणून स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत गेले. प्लायवुडच्या खोप्यांमधून ओळखीचा आवाज आला. शेवटच्या खोप्यात मुनीमजी टोपी काढून कॅमेऱ्यापुढे डोकं वाकवून बसले होते. मला वळून निघून जायचं होतं, पण त्यांनी पाहिलं.

"अरे, ताई! या, या. लागलं का तुमचं ते वायफाय बराबर?"

"लागलं," मी म्हणाले.

"बरं झालं. काम जायाले नाई पाह्यजे बाईमाणसाचं." ते खरंच बरं वाटून बोलत होते, त्यात टोमणा नव्हता, असता तर मला सोपं गेलं असतं. मग त्यांनी मला हाताला धरून पडद्यासमोर आणलं. "पाह्य, ह्याच त्या ताई. हापिसातल्या."

पडद्यावरच्या बाईनं मुलाला कडेवर सावरलं. "तुम्हीच ना बाबांना हे शिकवलं? किती उपकार झाले तुमचे. बाबा म्हणत होते, ऑफिसनं नवी जागा घेतली स्टेशनजवळ. तुम्ही पण आता इथंच बसता का?"

मुनीमजी माझ्याकडे पाहत नव्हते. ते हातातल्या टोपीची घडी घालत होते.

"हो," मी म्हणाले. "आम्ही सगळे इथंच बसतो."